चेन ताठ म्हणजे गाडी ठीक?

गैरसमज: चेन जितकी टाइट, तितकी चांगली.

चेन खडखडली की गॅरेजमध्ये ‘जरा टाइट करून द्या’ म्हणायची आपल्याला सवय आहे. पण मागचं चाक वर दबलं, की बहुतेक गाड्यांत दोन स्प्रॉकेटमधलं अंतर थोडं वाढतं. डबलसीट बसून खड्ड्यात आदळलात आणि तेवढी ढील चेनमध्ये नसली, तर सगळा ताण गिअरबॉक्सच्या आणि चाकाच्या बेअरिंगवर जातो. 100-125 सीसीच्या बऱ्याच गाड्यांना खालच्या बाजूला मधोमध 20 ते 30 मिमी ढील लागते. नेमका आकडा आणि तो कोणत्या स्टँडवर मोजायचा, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.

एकाच जागी मोजून मात्र भागत नाही. चाक हाताने थोडं थोडं फिरवत मोजा. समजा, एका जागी 40 मिमी भरली आणि दुसरीकडे 22. चाळीस पाहून तिथे 25 केलीत, तर दुसऱ्या जागी उरतील जेमतेम सात. म्हणून ढील धरायची ती सर्वांत ताठ जागेची. ती इथे 22, म्हणजे ठीकच आहे; पान्याला हात लावायचं कारण नाही. एवढी तफावत का, हा प्रश्न वेगळा. चेन कमी-जास्त झिजल्याचं ते लक्षण आहे.

चेन खरंच सैल असेल, तर एक्सलचा नट ढिला करून दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर सारखेच फिरवा आणि खुणा जुळवा. नट आवळताना ढील बदलते, तेव्हा पुन्हा मोजा. ड्रम ब्रेक असेल तर तोही तपासा.

गैरसमज: वरून ग्रीस थापलं की झालं.

झीज होते ती पिन आणि बुश यांच्यामध्ये. घट्ट ग्रीस तिथे पोचत नाही, उलट धूळ धरून ठेवतं. रॉकेल आणि मऊ ब्रशने चेन साफ करून पुसा आणि खालच्या पदराच्या आतल्या अंगाने 90 नंबरचं गिअर ऑइल सोडा. जास्तीचं पुसून टाका. साधारण 500 किलोमीटरला आणि पावसात भिजल्यावर हे करावं. ओ-रिंगच्या चेनला पेट्रोल आणि तारेचा ब्रश वर्ज्य. इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये चाक फिरवत ऑइल सोडणारे बोटं गमावतात.

गैरसमज: चेन नवी टाकली की पुरे, स्प्रॉकेट जुनेच चालतील.

428 नंबरच्या चेनच्या सलग 21 पिना, पहिलीच्या मध्यापासून शेवटचीच्या मध्यापर्यंत, नव्या असताना 254 मिमी भरतात. खालचा पदर ताणून मोजल्यावर 259 भरले, तर चेन संपली. टेप नसेल, तर मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागून चेन ओढून पाहा. अर्धा दात उघडा पडला तरी निकाल तोच. जुने दात त्या लांबलेल्या चेनप्रमाणे झिजून एका अंगाला वाकलेले असतात, आणि नवी चेन त्यांच्यावर लवकर खराब होते. दुकानात अख्खा चेनसेटच मागा.