‘अ‍ॅज इफ’नंतरचा भूतकाळ

‘ही टॉक्स अ‍ॅज इफ ही न्यू एव्हरीथिंग’ या इंग्रजी वाक्यात बोलणे आत्ताचे आहे, पण माहीत असण्याचे क्रियापद मात्र भूतकाळी रूपात आहे. मराठीत हेच ‘जणू काही याला सगळे माहीत आहे’ असे म्हणतात. ‘आहे’ जागचे हलत नाही. हे खरे नव्हे, ही सूचना ‘जणू काही’ एकट्याने देते. त्यामुळे इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसाला ‘न्यू’ ही चूक वाटते आणि तो ‘नोज’ लिहून मोकळा होतो.

‘न्यू’ कुठून आले ते वाक्यातला गाळलेला भाग परत भरला की कळते. मूळ विचार असा: ‘ही टॉक्स अ‍ॅज ही वुड टॉक इफ ही न्यू एव्हरीथिंग.’ त्याला सगळे माहीत असते, तर तो जसा बोलला असता तसा तो बोलतो. मधले ‘ही वुड टॉक’ बोलण्यात गळाले आणि ‘अ‍ॅज’ व ‘इफ’ शेजारी येऊन बसले. म्हणजे इथले भूतकाळी रूप ‘इफ’च्या मागे आले आहे, आणि त्याचे काम मराठी ‘असते तर’चे आहे. ‘मला पंख असते तर’ म्हणताना पंख पूर्वी होते असे कोणी समजत नाही; आत्ता नाहीत, एवढेच त्यातून कळते. मराठी व्याकरण या रूपाला संकेतार्थ म्हणते. मराठीने ते ‘तर’पाशी ठेवले, ‘जणू’पाशी आणले नाही, अडचण होते ती एवढ्यामुळेच. ‘अ‍ॅज दो’चा अर्थ आणि नियमही हाच.

मात्र ‘अ‍ॅज इफ’ दिसले की भूतकाळी रूप, असा नियम पाठ केला तर तो फसतो. एक बंद घर घेऊ. अंगणात गवत माजले आहे, कुलूप गंजले आहे. रस्त्याने जाणारा अनोळखी माणूस म्हणतो, ‘द हाऊस लुक्स अ‍ॅज इफ नोबडी लिव्ह्ज इन इट.’ त्याला खरे काय ते माहीत नाही. दिसते त्यावरून तो अंदाज बांधतो, आणि तो अंदाज बरोबरही असेल. म्हणून ‘लिव्ह्ज’. त्याच घराच्या मागच्या खोलीत राहणारी मालकीण पुढच्या अंगणाकडे पाहून म्हणते, ‘द हाऊस लुक्स अ‍ॅज इफ नोबडी लिव्ह्ड इन इट.’ घर तेच, वेळही तीच. पण आपण इथे राहतो हे तिला पक्के ठाऊक आहे, म्हणून ‘लिव्ह्ड’. निवड काळाची नाही, बोलणाऱ्याला काय माहीत आहे याची आहे. आभाळ भरून आल्यावर ‘इट लुक्स अ‍ॅज इफ इट इज गोइंग टू रेन’ असे वर्तमानकाळी रूप येते तेही याच कारणाने: पाऊस खरोखरच येऊ शकतो.

न घडलेली गोष्ट आधीच्या काळातली असेल तर रूप आणखी एक पायरी मागे जाते. ‘इथे कित्येक वर्षांत कोणी राहिलेच नाही असे वाटते,’ हे वाटसरू ‘हॅज लिव्ह्ड’ने सांगेल, मालकीण ‘हॅड लिव्ह्ड’ने.

‘बी’ या क्रियापदाची गंमत वेगळी. ‘शी ट्रीट्स मी अ‍ॅज इफ आय वेअर अ चाइल्ड’ यात एकवचनी ‘आय’ला ‘वेअर’ लागते. जुन्या इंग्रजीत अशा कल्पित गोष्टींसाठी क्रियापदांची निराळी रूपे होती. कालांतराने ती साध्या भूतकाळात मिसळली. निराळे ओळखू येईल असे ‘वेअर’ तेवढे उरले. बोलण्यात ‘वॉज’ सर्रास चालते, पण औपचारिक लेखनात ‘वेअर’ अधिक शोभते. अंदाजाच्या वाक्यात मात्र ते घालू नये: खोकणाऱ्या माणसाबद्दल ‘तो आजारी दिसतो’ एवढेच म्हणायचे असेल तर ‘अ‍ॅज इफ ही इज इल’ हेच योग्य.

मुख्य क्रियापदच भूतकाळात गेले की आणखी एक चूक होते. ‘टॉक्स’चे ‘टॉक्ड’ झाले म्हणून पुष्कळ जण ‘न्यू’चेही ‘हॅड नोन’ करतात. त्याची गरज नाही. बोलणे आणि माहीत असल्याचा आव एकाच वेळचे असतील तर ‘ही टॉक्ड अ‍ॅज इफ ही न्यू एव्हरीथिंग’ हेच बरोबर. पण इथे भाषेची एक मर्यादा उघडी पडते. ‘द हाऊस लुक्ड अ‍ॅज इफ नोबडी लिव्ह्ड इन इट’ हे वाटसरूही म्हणेल आणि मालकीणही. अंदाज आणि पक्की माहिती यांतला भेद रूपातून दिसेनासा होतो. तो पुढच्या-मागच्या वाक्यांवरून ओळखावा लागतो.

आजच्या बोली इंग्रजीत खोट्या गोष्टीलाही वर्तमानकाळी रूप लावलेले ऐकू येते: ‘ही अ‍ॅक्ट्स अ‍ॅज इफ ही ओन्स द प्लेस.’ जागा त्याची नाही हे सगळ्यांना ठाऊक असते, त्यामुळे ऐकणाऱ्याचा घोटाळा होत नाही. म्हणून असे वाक्य ऐकल्यावर त्याला चूक म्हणणे बरोबर नाही. उलट मुख्य क्रियापद वर्तमानकाळी आणि गोष्टही आत्ताचीच असताना भूतकाळी रूप ऐकले तर मात्र बोलणारा ती गोष्ट खरी मानत नाही, असे सहसा समजावे.