टोफूतली प्रथिने आणि पाण्याचा हिशेब

जपानच्या सरकारी अन्नघटक तक्त्यात शंभर ग्रॅम घट्ट टोफूत, म्हणजे ‘मोमेन’मध्ये, सुमारे ७ ग्रॅम प्रथिने दिली आहेत. रेशमी ‘किनुगोशी’त ती ५.३ ग्रॅम आहेत, तर मऊ टोफूत ५.१. सोयाबीन तेच, मग फरक कुठून आला?

पाण्यातून. घट्ट टोफूत सुमारे ८६ टक्के पाणी असते, बाकी दोघांत ८८-८९. दोन-तीन टक्क्यांनी काय बिघडते, असे वाटेल. पण पाणी वगळून उरलेला ऐवज पाहा: घट्ट टोफूत १४ ग्रॅम, मऊ आणि रेशमीत ११ ते साडेअकरा. त्यातला जवळपास निम्मा भाग तिन्हींत प्रथिनांचाच आहे.

हे ठरते ते साच्यात. घट्ट टोफूसाठी साकळलेले सोयादूध मोडून, कापड घातलेल्या भोकांच्या साच्यात दाबतात. पनीरसारखेच पाणी निथळते. मऊ टोफूवर दाब हलका असतो. रेशमी टोफूचे दाट दूध मात्र साच्यातच विरजते, पाणी आतच राहते.

म्हणून ३०० ग्रॅम घट्ट टोफूतली २१ ग्रॅम प्रथिने रेशमीतून हवी असतील, तर ४०० ग्रॅम खावा लागेल. मात्र ‘घट्ट’ची व्याख्या देशोदेशी बदलते. जास्त दाबलेल्या टोफूत प्रथिने बरीच अधिक भरतात, तेव्हा पाकिटावरचा आकडाच खरा धरावा.