साडेपाचच्या आधीचं दूध

सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी मुलाखती घेताना मी एक प्रश्न हमखास विचारतो: तुम्ही सोडवलेला एखादा अवघड बग सांगा. बग म्हणजे प्रोग्रॅममधली चूक. प्रश्न सोपा वाटतो, पण चांगली कामं केलेली मुलंही इथे अडखळतात. बरेच जण सुरुवात कंपनीपासून करतात. आमच्याकडे इतके सर्व्हर, मग हा डेटाबेस, मग तो... पाच मिनिटं होतात, तरी बिघडलं काय होतं ते मला कळलेलं नसतं. काही जण याच्या उलट करतात. 'तारखेचा घोळ होता सर, एका ओळीत दुरुस्त केला.' मग अवघड काय होतं?

उत्तराला आकार यावा म्हणून क्लासमध्ये 'स्टार' नावाची चौकट शिकवतात: सिच्युएशन, टास्क, अ‍ॅक्शन, रिझल्ट. म्हणजे परिस्थिती, तुमच्यावरचं काम, तुम्ही केलेली कृती आणि निष्पत्ती. चौकट वाईट नाही, पण बगच्या गोष्टीला ती नीट बसत नाही. 'टास्क'मध्ये सांगण्यासारखं काही नसतं, कारण बग काढणं हेच काम. आणि 'अ‍ॅक्शन'मध्ये सगळंच कोंबलं जातं. माझ्या मते त्या तिसऱ्या भागाचेच तुकडे पाडायला हवेत. पहिला संशय कशावर गेला, तो कोणत्या पुराव्याने सोडला, खरं कारण कसं सापडलं आणि दुरुस्ती बरोबर आहे हे कशावरून ठरवलं.

एका मुलीने दिलेलं उत्तर मला अजून आठवतं. ती दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या छोट्या कंपनीत होती. तिने सुरुवात अशी केली: 'शेतकरी सकाळ-संध्याकाळ केंद्रावर दूध घालतो, मशीन लिटर आणि फॅट मोजून पावती देतं, आणि दर दहा दिवसांनी बिल निघतं. तक्रार अशी होती, की काही शेतकऱ्यांच्या बिलात एका वेळचं दूध कमी येतं. पावती हातात आहे, बिलात नोंद नाही. सगळ्यांचं असं होत नव्हतं. ऑफिसमध्ये करून पाहिलं तर एकदाही झालं नाही.' परिस्थिती संपली. दूध आणि बिल माहीत असलेल्या कुणालाही ती कळावी, इतकी साधी.

मग पहिला संशय. एका शेतकऱ्याच्या ११ ते २० तारखेच्या बिलात २० तारखेची सकाळ कोरी होती. म्हणून तिने २० तारीख धरली. त्या केंद्रावर पहाटे रेंज नसते. नोंदी तिथल्या कॉम्प्युटरवर साठतात आणि रेंज आली की मुख्य सर्व्हरकडे जातात. नोंद वाटेत हरवली असणार, असं तिला वाटलं. दोन दिवस ती त्यातच होती. शेवटी तिने त्या शेतकऱ्याच्या महिन्याभराच्या पावत्या मोजल्या आणि सर्व्हरवरच्या नोंदी मोजल्या. आकडा तंतोतंत जुळला. म्हणजे हरवलं काहीच नव्हतं. नोंद सर्व्हरवर होती, फक्त भलत्या जागी.

मुलाखतीत मी इथेच कान टवकारतो. संशय चुकीचा निघाला हे सांगायला उमेदवार लाजतात आणि थेट उत्तरावर उडी मारतात. खरं तर 'नोंदी जुळल्या, म्हणून रेंजचा विषय मी सोडला' या एका वाक्यातून मला तिची काम करायची पद्धत दिसली. नुसतं 'मग मी दुसरीकडे पाहिलं' म्हणाली असती, तर काहीच दिसलं नसतं.

पुढचा धागा दुसऱ्या शेतकऱ्याच्या बिलात मिळाला. त्याच्या नावावर १५ तारखेला सकाळच्या दोन नोंदी होत्या आणि १६ तारखेला सकाळची एकही नव्हती. पावत्यांवरच्या वेळा पाहिल्या तर १५ ची पावती ५:४० ची, १६ ची ५:२० ची. तिने मग सगळ्या पावत्या वेळेनुसार लावल्या. साडेपाचच्या आधीची प्रत्येक नोंद एक दिवस मागे गेली होती. साडेपाचनंतरची एकही नाही.

साडेपाच हा आकडा दिसला की भारतातला प्रोग्रॅमर सावध होतो. कॉम्प्युटर वेळ बहुधा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत साठवतो आणि आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. आपल्याकडे ११ तारखेची पहाट, ५ वाजून १० मिनिटं, तेव्हा यूटीसीत अजून १० तारीखच असते, रात्रीचे ११:४०. बिलाच्या प्रोग्रॅममध्ये ही ओळ होती:

```js
const day = new Date(entry.createdAt).toISOString().slice(0, 10);
```

`toISOString` नेहमी यूटीसीतली वेळ देतं आणि त्यातली पहिली दहा अक्षरं म्हणजे तारीख. पावती मात्र केंद्रावरचं मशीन आपल्या घड्याळानुसार छापत होतं, म्हणून ती बरोबर.

आता ती कोरी २० तारीख. रोज साडेपाचच्या आत येणाऱ्या माणसाची १२ ची सकाळ ११ च्या नावावर पडते, १३ ची १२ च्या. प्रत्येक दिवशी एक सकाळ, एक संध्याकाळ, सगळं ठाकठीक दिसतं. फक्त शेवटच्या दिवशी पोकळी उरते, कारण २० ची सकाळ १९ वर गेलेली असते. पैसे बुडाले ते मात्र ११ तारखेचे. ती नोंद १० तारखेच्या नावावर पडली आणि १० चं बिल आदल्या संध्याकाळीच बंद झालं होतं. हे सांगताना तिने कागद मागून घेतला आणि तारखांची एक ओळ काढून बाण दाखवले. तोंडी उत्तरात अशी जागा आली की कागद मागावाच.

दुरुस्ती तिने दोन वाक्यांत संपवली: तारीख काढताना `Asia/Kolkata` हा वेळविभाग स्पष्ट दिला आणि ५:२९ व ५:३० या दोन वेळा कायमच्या चाचणीत घातल्या. दोन्ही नोंदींना त्याच दिवसाची तारीख मिळाली पाहिजे. जुन्या नोंदींबरोबर पूर्ण वेळ साठवलेली होती, म्हणून खऱ्या तारखा पुन्हा काढता आल्या. नुसती तारीख साठवली असती, तर शेतकऱ्यांच्या पावत्या गोळा करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. निष्पत्तीत तिने 'कामगिरी सुधारली' वगैरे भाषा वापरली नाही. तिने हिशेब सांगितला. रोज पहाटे सहा लिटर घालणाऱ्याचं, ३५ रुपये दराने, बिलामागे २१० रुपयांचं दूध जात होतं. तीन महिन्यांत नऊ बिलं, १८९० रुपये. फरक पुढच्या बिलात दिला.

सगळं मिळून तीन-साडेतीन मिनिटं. सांगताना 'आम्ही' आणि 'मी' यांत तिने फरक ठेवला होता. पावत्या मोजल्या तिने, जुन्या नोंदी दुरुस्त करणारा प्रोग्रॅम सहकाऱ्याने लिहिला. हे आपणहून सांगितलं की मला खोदून विचारावं लागत नाही.

मी एकच प्रश्न विचारला. इतक्या चाचण्या करूनही कंपनीत कुणाला हे कसं दिसलं नाही?

ती म्हणाली, "सर, आमचं ऑफिस दहाला उघडतं."