शेवटची चिप जास्त का तापते?

सर्व्हरच्या पेटीत सर्किट बोर्ड पुस्तकांसारखे शेजारी शेजारी उभे असतात. समजा, दोन बोर्डांमधली फट 10 मिलिमीटर, रुंदी 200 मिलिमीटर, लांबी 300 आणि हवेचा वेग सेकंदाला 2 मीटर. म्हणजे सेकंदाला 4 लिटर, साधारण 4.6 ग्रॅम हवा जाते. तिला 1 अंशाने तापवायला 4.6 वॅट लागतात. या फटीत बोर्डाची 30 वॅट उष्णता पडली, तर 35 अंशांवर शिरलेली हवा साडेएकेचाळीस अंशांवर बाहेर पडते.

बोर्ड मात्र हवेपेक्षा बराच गरम असतो. दर चौरस मीटरला, दर अंशाला 20 वॅट उष्णता हवेत जाते असे धरले, तर हा फरक 25 अंश येतो. म्हणून शेवटचे टोक 66 अंशांच्या पुढे जाते. सुरुवातीला फरक कमी असतो, कारण तिथे हवेचा संथ थर अजून पातळ असतो.

हा सरासरीचा हिशेब झाला. तापट चिपच्या अगदी मागे हवा नीट मिसळलेली नसते, तिथली चिप याहून तापते.

बाहेरची हवा साडेसहाऐवजी 13 अंशांनी तापलेली आढळली, तर प्रवाह निम्मा झालाय. आधी फिल्टर पाहा, मग शेजारचा रिकामा स्लॉट. हवा तिथून सोप्या वाटेने पळते, म्हणून तो कोऱ्या पट्टीने बंद करावाच.