डबा किती उंच असावा?

आंब्याच्या रसाचा ८५० ग्रॅमचा डबा बहुतेकांनी पाहिलेला असतो. त्याचं प्रचलित माप ‘४०१ बाय ४११’. आकडा इंचांत वाचायचा: व्यास ४ पूर्णांक १ सोळांश इंच, उंची ४ पूर्णांक ११ सोळांश. म्हणजे उंची रुंदीच्या साधारण १.१५ पट. एवढाच रस मावणारा डबा कमीत कमी पत्र्यात करायचा, तर हाच आकार निघेल का?

समजा, डब्यात ८५० मिलिलिटर मावायला हवेत. व्यास ८ सेंमी ठेवला तर डबा लांबुडका होतो आणि सुमारे ५२५ चौरस सेंमी पत्रा लागतो. १३ सेंमी ठेवला तर तो बसका होतो, पण पत्रा जवळपास तेवढाच खातो. या दोहोंच्या मध्ये कुठेतरी किमान आहे. ते शोधायला कॅलक्युलसही लागत नाही. त्रिज्या एक टक्का वाढवली की झाकण आणि बूड दोन टक्क्यांनी मोठी होतात. आकारमान तेच राखायचं असल्याने भोवतीचा पत्रा मात्र एक टक्क्यानेच घटतो. तेव्हा भोवतीचा पत्रा झाकण-बुडाच्या बेरजेच्या बरोबर दुप्पट असेल, तिथे नफा-तोटा फिटतो. हिशेब केला की उंची आणि व्यास सारखे येतात: दोन्ही १०.२७ सेंमी, पत्रा सुमारे ४९७ चौरस सेंमी.

पाठ्यपुस्तकातलं गणित इथे थांबतं. कारखान्यातलं थांबत नाही. चकत्या चौकोनी पत्र्यातून कापल्या जातात आणि कोपरे भंगारात जातात. सरळ ओळींत कापल्या तर २१ टक्क्यांहून अधिक पत्रा वाया जातो. एकाआड एक सरकवून कापल्या तर नऊ टक्क्यांच्या आसपास. दुपटीचा नियम तोच, फक्त झाकण-बुडाच्या हिशेबात हा भंगारही धरायचा. मग उंची व्यासाच्या पहिल्या पद्धतीत १.२७ पट येते, दुसरीत १.१०. आंब्याचा डबा या दोहोंच्या मधे बसतो. त्यात डब्याच्या कडेवरून बोट फिरवलं की जाडसर कंगोरा लागतो. झाकणाची कड तिथे दुमडून दाबलेली असते, म्हणून चकती डब्याच्या व्यासाहून मोठी कापावी लागते.

तरी हा आकार निव्वळ पत्रा वाचवण्यासाठीच ठरला, असं मी म्हणणार नाही. किमानाजवळ आलेख फार सपाट असतो. व्यास १०.२७ ऐवजी ९.५ सेंमी केला तरी पत्रा जेमतेम तीन चौरस सेंमीने वाढतो. त्यामुळे पकड, खोक्यातली मांडणी, लेबलाची जागा यांना बरीच मोकळीक मिळते.

शीतपेयाचा ३३० मिलिलिटरचा जुन्या घाटाचा कॅन मात्र मुद्दाम उंच असतो: व्यास ६६ मिमी, उंची ११५. त्याची भिंत जेमतेम ०.१ मिमी जाड, तर झाकण दुपटीहून जाड, कारण आतल्या वायूचा दाब सपाट पृष्ठाला बाहेर फुगवू पाहतो. इथे क्षेत्रफळ नव्हे, धातूचं वजन मोजायचं. झाकण-बूड दुप्पट जाड धरली तर उंची व्यासाच्या दुप्पट निघते. पण वरची मान आवळून झाकण लहान केलेलं असतं, त्यामुळे तेवढं उंच जायची गरज उरत नाही.