मोडक्या थर्मामीटरचा प्रवेश

‘द चेरी ऑर्चर्ड’ या नाटकाला आन्तोन चेखवने कॉमेडी म्हटलं. संहिता वाचून रडलेल्या दिग्दर्शक स्तानिस्लाव्स्कीने त्याला कळवलं, ही शोकांतिका आहे. 1904च्या जानेवारीत मॉस्को आर्ट थिएटरने नाटक रंगमंचावर आणलं आणि भांडण मिटलं नाही. चेखवची एक तक्रार अगदी हिशेबी होती: शेवटचा अंक फार तर बारा मिनिटांचा, तो तुम्ही चाळीस मिनिटं करता.

वेळेवरून एवढा त्रागा कशाला, ते त्याच अंकातला एक प्रवेश पाहिला की कळतं. कर्जात बुडालेली वाडवडिलांची इस्टेट लिलावात गेली आहे आणि घर रिकामं होतंय. ती विकत घेतली लोपाखिनने. त्याचे बापआजे याच इस्टेटीवर भूदास होते. मालकीणबाईंची मानलेली मुलगी वार्या हिच्याशी तो लग्न करणार, हे सगळे कधीपासून धरून चालले आहेत. बाई त्याला शेवटचं गळ घालतात. तो लगेच तयार होतो. शॅम्पेनही आणलेली आहे, पण ग्लास रिकामे. नोकराने आधीच संपवली.

वार्या येते आणि सामानात काहीतरी शोधत राहते. आता कुठे जाणार, असं तो विचारतो. एका घरी कारभार सांभाळायला, ती सांगते. मग तो हवेवर येतो: थंडी आहे, शून्याखाली तीन अंश. ती म्हणते, पाहिलं नाही, आमचा थर्मामीटर मोडलाय. बाहेरून कोणीतरी त्याला हाक मारतं आणि हाकेचीच वाट पाहत असल्यासारखा तो सटकतो. वार्या जमिनीवर बसून कपड्यांच्या गाठोड्यावर डोकं टेकते आणि मुसमुसते.

थर्मामीटरवर प्रेक्षक हसतो, आणि हसायलाच हवं. पण इथे विनोद दुःखावर उतारा म्हणून आलेला नाही. लग्न मोडतं ते त्या विनोदामुळेच. हवापाण्याच्या गप्पांनी मागणीची जागा खाल्ली. आधी हसू, मग रडू अशी वाटणी इथे करताच येत नाही, कारण दोन्हींचं कारण एकच वाक्य आहे. हसू-आसूंचे प्रवेश आलटून पालटून लावणाऱ्या नाटकांहून हे फार अवघड काम आहे, असं मला वाटतं.

म्हणूनच प्रयोगात ते सहज बिघडतं. नट उसासे टाकत, लांबलचक थांबे घेत बोलू लागले की मागणी होणार नाही हे प्रेक्षकाला आधीच कळतं. मग तो थर्मामीटरवर हसत नाही, हळहळतो. उलट लोपाखिनला निव्वळ बावळट केलं, तर अशा माणसापासून वार्या सुटली असंच वाटतं. दोघांनाही लग्न हवंय आणि पुढच्या वाक्यात तो विचारेलच, असं हाक येईपर्यंत वाटत राहिलं पाहिजे. त्यासाठी हालचाल झटपट हवी.

चेखव स्वतः वार्याला फार रडू देत नाही. मालकीणबाई दार उघडून चाहूल घेतात, काय झालं ते ओळखतात आणि निघायची घाई करतात. गाडी गाठायची आहे.