झडप चालते, पण नळीचे माप घेतले का?

छातीत दुखत नाही, दम लागत नाही, चार मजले धावत चढतो. मग या पोराच्या हृदयाला काय झाले आहे? असे आईवडील विचारतात तेव्हा त्यांचे काही चुकत नाही. हृदयाचा एक जन्मजात दोष असा मुकाट राहणारा आहे. शंभर माणसांत एकाला, क्वचित दोघांना तो असतो. स्त्रियांपेक्षा पुरुषांत तो जास्त आढळतो.

हृदयातून शुद्ध रक्त बाहेर पडते त्या दारावर एक झडप असते. तिला तीन पाकळ्या असाव्या लागतात. काहींना जन्मतः दोनच असतात, किंवा दोन पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. डॉक्टर याला बायकस्पिड एओर्टिक व्हॉल्व्ह म्हणतात. अशी झडप पुष्कळदा तारुण्यात नीट काम करते आणि पुढे चाळिशी-साठीच्या सुमाराला कडक होते किंवा गळू लागते. पण या झडपेच्या लगेच वर महाधमनी, म्हणजे साऱ्या शरीराला रक्त नेणारी मोठी नळी सुरू होते. दोन पाकळ्यांतून रक्ताची धार तिरकी निघते आणि नळीच्या भिंतीवर आदळते. शिवाय ती भिंतही अनेकदा जन्मतः कमकुवत असते. म्हणून झडप ठीक असली तरी नळी हळूहळू फुगू शकते.

आमच्या माहितीतल्या एका घराची हकिकत सांगतो. नावगाव देत नाही. चोवीस वर्षांच्या मुलाची कारखान्यात नोकरीआधीची वैद्यकीय तपासणी झाली. डॉक्टरांना छातीवर नळी लावल्यावर वेगळा आवाज ऐकू आला आणि त्यांनी टू-डी इको करायला सांगितले. रिपोर्टात आले : दोन पाकळ्यांची झडप, किंचित गळती, महाधमनी ४.१ सेंटीमीटर. त्याला नोकरीची परवानगी मिळाली आणि दरवर्षी इको करण्याचा सल्लाही मिळाला.

पण डॉक्टर तेवढ्यावर थांबले नाहीत. "घरच्यांनाही घेऊन या," असे ते म्हणाले. कारण ज्याला हा दोष आहे त्याच्या आईवडील, भावंडे आणि मुले यांच्यापैकी दहात सुमारे एकाला तो सापडतो. आईचा आणि बहिणीचा इको चांगला निघाला. एकावन्न वर्षांचे वडील मात्र यायलाच तयार नव्हते. आयुष्यभर हमाली केलेला माणूस, कधी दवाखान्याची पायरी चढला नव्हता. कसेबसे आले, तर त्यांचीही झडप दोन पाकळ्यांची, महाधमनी ४.७ आणि रक्तदाब १५०/९६! सीटी स्कॅनमध्येही तेच माप आले. रक्तदाबाची गोळी सुरू झाली, श्वास रोखून ओझे उचलणे बंद झाले, तंबाखू सोडायला सांगितले. सहा महिन्यांनी फिरून माप घेतले. वाढ नव्हती, म्हणून पुढची तारीख वर्षाची मिळाली. आणि वडिलांना दोष निघाला म्हटल्यावर काका आणि आत्या यांचाही इको करावा लागला.

शस्त्रक्रिया केव्हा? साधारणपणे नळी ५.५ सेंटीमीटर झाली की. घराण्यात कोणाची महाधमनी फाटलेली असेल किंवा माप भराभर वाढत असेल, तर ५ झाल्यावरही तिचा विचार करतात. झडपेसाठी छाती उघडायचीच असेल, तर ४.५ ची नळीही त्याच वेळी बदलण्याचा विचार होतो. एका वर्षात अर्धा सेंटीमीटर, किंवा लागोपाठ दोन वर्षे तीन-तीन मिलिमीटर वाढ म्हणजे भराभर वाढ.

येथे एक घोटाळा होतो. वेगळे मशीन, वेगळा हात, नळीचा वेगळा भाग, एवढ्यानेही माप एकदोन मिलिमीटरने बदलते. घरचे घाबरतात, किंवा उलट खरी वाढ नजरेतून सुटते. त्यामुळे शक्यतो एकाच रुग्णालयात तपासणी करावी आणि प्रत्येक वेळी मागचे सर्व रिपोर्ट सोबत न्यावेत. रिपोर्टात नुसते "झडप दोन पाकळ्यांची" एवढेच असेल, तर "महाधमनीचे माप कुठे आहे?" असे विचारावे. इकोमध्ये नळीचा वरचा भाग कधीकधी नीट दिसत नाही. तेव्हा सीटी किंवा एमआरआय लागतो. झडप बदलल्यावरही हे माप घेणे थांबवू नये, कारण भिंत तीच राहते. मुलीला हा दोष असेल तर गर्भ राहण्यापूर्वीच माप घ्यावे.

छातीत किंवा पाठीत अचानक, फाडल्यासारखी कळ आली तर मात्र पित्त समजून घरी बसू नये. तडक मोठ्या रुग्णालयात जावे आणि दारातच सांगावे : "झडप दोन पाकळ्यांची आहे, महाधमनी फुगलेली आहे." हे वाक्य घरातल्या प्रत्येकाला पाठ असावे, कारण त्या वेळी रुग्णाला बोलता येईलच असे नाही.